दाढ गेली, ठणका आला

मंगळवारी सकाळी अकरा वाजता माझी खालची उजवी अक्कलदाढ काढली. बुधवारी मी वरणभात खाल्ला आणि गुरुवारी दुपारी तर सासूबाईंना म्हणालेही, "उगाच घाबरले होते हो मी." त्याच रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात दिवा न लावता, गाल हातात धरून बसले होते.

तुम्ही दाढ काढून घेतली असेल किंवा घरात कुणाची काढायची असेल, तर त्या रात्रीची गोष्ट वाचाच. मला जे आधी कळायला हवं होतं, ते मी त्या रात्रीनंतर शिकले.

आम्ही बडोद्यात राहतो. शनिवारी रात्रीच्या गाडीने पुण्याला निघायचं होतं. सोमवारी भाच्याची मुंज होती आणि मामी म्हणून माझ्याकडे बरीच कामं होती. त्यामुळे ठणका सुरू झाल्यावर मनात पहिला विचार आला तो असा, की दाढ काढली म्हणजे थोडं दुखणारच, गोळी घेऊन पुण्याला जाऊ आणि परत आल्यावर दाखवू.

पण हे दुखणं वेगळं होतं. पहिल्या दिवशीचं दुखणं जखमेपुरतं होतं, गोळी घेतली की निवत होतं. हा ठणका नाडीच्या ठोक्याबरोबर उठायचा, जबड्यातून कानात आणि कानातून कानशिलापर्यंत जायचा. गोळीने तासभर बोथट व्हायचा आणि पुन्हा यायचा. तोंडाला घाण चव होती आणि ब्रश करूनही वास जात नव्हता.

सकाळी मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या. दुखणं रोज कमी होतंय की कमी होऊन पुन्हा वाढलंय? कानाकडे जातंय का? वास किंवा घाण चव आहे का? तिन्हींचं उत्तर ऐकून त्या म्हणाल्या, "ड्राय सॉकेट असावं. आजच या, सोमवारची वाट बघू नका."

खुर्चीत बसवून, आरशाने बघून त्यांनी समजावलं ते असं. दाढ निघाली की हाडात खळगा राहतो. त्यात रक्त भरतं आणि त्याची गुठळी होते. ती गुठळी म्हणजे जखमेवरचं झाकण. तिच्याखाली नवी पेशीजाळी तयार होते आणि हळूहळू खळगा भरतो. ही गुठळी लवकर विरघळली किंवा निसटली, तर खालचं हाड उघडं पडतं. हवा, पाणी, अन्नाचा कण लागला की ते ठणकतं. त्यालाच ड्राय सॉकेट म्हणतात. ते बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास सुरू होतं. खालच्या अक्कलदाढेत त्याचं प्रमाण जास्त असतं. दाढ काढताना फार खटपट झाली असेल, माणूस विडी-सिगारेट ओढत असेल किंवा बाई गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल, तर धोका आणखी वाढतो.

"मी तर यातलं काहीच केलं नाही," मी म्हणाले.

"चूळ कधी भरलीत?"

मी गप्प. मंगळवारी रात्री तोंडाला रक्ताची चव लागत होती, म्हणून बेसिनपाशी उभी राहून चांगल्या खळखळून मिठाच्या चुळा भरल्या होत्या आणि जोरात थुंकले होते. लहानपणापासून दात दुखला की आपल्याकडे हेच करतात ना! त्याच जोराने गुठळी हलली असेल की ती आपोआपच विरघळली, हे नक्की सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. पण पहिल्या दिवशीची ती चूळ चुकीचीच होती.

मग त्यांनी दिलेले चुळांचे नियम मी तुम्हालाही सांगते. पहिले चोवीस तास चूळ भरायचीच नाही. तोंडात रक्तमिश्रित लाळ आली तर गिळायची किंवा ओठांतून हलकेच वाहू द्यायची, पण थुंकायचं नाही. स्ट्रॉने काही प्यायचं नाही, कारण ओढताना तोंडात पोकळी होते. नारळपाणीसुद्धा पेल्यात ओतून घ्या. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालायचं. घोट तोंडात घेऊन मान हळूच त्या बाजूला कलती करायची, अर्धा मिनिट ठेवायचं आणि मान खाली करून पाणी बेसिनमध्ये पडू द्यायचं. खळखळ नाही, पिचकारी नाही. हे दिवसातून चार-पाच वेळा, मुख्यतः जेवल्यावर, आठवडाभर करायचं. औषधी माउथवॉश डॉक्टरांनी सांगितला तरच वापरायचा.

निघताना त्यांनी आपल्या बडोद्याच्या बोलीत पुन्हा बजावलं, "थूंकशो नहीं, बेन!"

उपचार मात्र मला वाटलं होतं त्याहून सोपा निघाला. त्यांनी सलाइनने खळगा हलकेच धुतला, अडकलेले कण काढले आणि लवंगेच्या तेलातल्या युजेनॉलचं औषध लावलेली बारीक पट्टी आत बसवली. वास अगदी लवंगेचा! अर्ध्या तासात ठणका इतका उतरला, की मला रिक्षातच डुलकी लागली. अँटिबायोटिक दिलं नाही, कारण ताप नव्हता आणि पू नव्हता.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मग लवंगेचं तेल घरीच लावलं असतं की!" मीही फोनवर तेच विचारलं होतं. डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. नुसतं तेल उघड्या जखमेत गेलं तर आतली नाजूक त्वचा भाजते, आणि अख्खी लवंग खळग्यात दडपली तर तिचे तुकडे आत राहतात. त्यांच्या पट्टीत औषधाचं प्रमाण ठरलेलं असतं आणि ती काढायचीही असते. म्हणूनच दुसऱ्या दिवशी ती बदलायला बोलावलं होतं.

शनिवारी सकाळी पट्टी बदलली, रात्री गाडी पकडली. पुण्यातल्या एका डॉक्टरांकडे सोमवारी सकाळी लवकर जाऊन ती पट्टी काढून घेतली आणि थेट मुंजीला पोचले. पुढच्या आठवड्यात खळग्यात पांढुरकं-पिवळसर काही दिसू लागलं, तेव्हा पुन्हा घाबरले. तो पू नव्हता, भरून येणाऱ्या जखमेचा थर होता. दुखणं कमी होत असताना असा थर दिसला तर काडीने, सुपारीच्या कोरणीने खरवडू नका.

आता सर्वांत महत्त्वाचं, परत कधी जायचं. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत वाढू शकते, ते चालतं. पण दुखणं मात्र दिवसागणिक कमी व्हायला हवं. ते कमी होऊन पुन्हा उसळलं, कानाकडे गेलं, वास आला, तर त्याच दिवशी दाखवा. त्याने जीव जात नाही, पण विनाकारण रात्री मात्र जातात. ताप आला, सूज तिसऱ्या दिवसानंतरही वाढत गेली, पू आला, तोंड उघडेनासं झालं, किंवा स्वच्छ गॉज वीस-तीस मिनिटं घट्ट चावूनही रक्त थांबलं नाही, तर तातडीने जा. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर दवाखाना उघडायची वाट न बघता सरळ मोठ्या रुग्णालयात जा.

आणि दोन गोळ्यांमधलं अंतर डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच ठेवा. त्या रात्री मी तीन तासांत दुसरी गोळी तोडून हातात घेतली होती. सासूबाईंनी ती काढून घेतली आणि म्हणाल्या, "उजाडू दे, आधी फोन कर." मुंजीतल्या फोटोत माझा गाल थोडा सुजलेला दिसतो, पण मी हसते आहे.