तुला बोलायला

आमच्या घरी देवाशी भांडायचं काम आईकडं होतं. सकाळी गॅसवर ठेवलेलं दूध नासलं की ती चिमटा हातात घेऊनच देवघराच्या दारात यायची आणि बाळकृष्णाला म्हणायची, "काल तुला अर्धी वाटी दिली होती, तरी हे असं? कुठं होतास रे?" मग परत ओट्याशी जायची, नासलेल्या दुधात साखर घालून ते आटवायची आणि त्यातलं चमचाभर त्याच्याच पुढं आणून ठेवायची. "घे. तुझीच करणी."

ती गेल्यावर पूजा माझ्याकडं आली. देव आहे की नाही याबद्दल माझं मत आठवड्यातून दोनदा बदलतं. तरी ताम्हनात देव काढायचे, पळीनं पाणी घालायचं, पुसून जागेवर ठेवायचे, एवढं मी करतो. एका सकाळी दूध नासलं आणि मी गप्प उभा राहिलो. बोलायला काहीच येईना. म्हणून लिहायला बसलो.

छंद शोधावा लागला नाही. अशा बोलण्यासाठी मराठीत अभंग तयारच आहे. मोठ्या अभंगाला चार चरण असतात. पहिल्या तिन्हींत सहा-सहा अक्षरं, शेवटच्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. लघुगुरूचं बंधन नाही, अक्षरं तेवढी बोटांवर मोजायची. त्यामुळं स्वयंपाकघरातलं वाक्य फारसं न वाकवता त्यात बसतं. पहिलं कडवं आईनंच दिलं म्हणायचं:

दूध नासलं की
तुला बोले आई
आता कोणी नाही
बोलायला

'बोलणं' या शब्दानं इथं माझं काम केलं. मराठीत कुणाशी बोललं की गप्पा होतात आणि कुणाला बोललं की रागावणं होतं. आई देवाला बोलायची, म्हणजे ती देवाशी बोलतही होती. प्रार्थना आणि तक्रार यांच्यात एका प्रत्ययाचं अंतर.

त्याआधी मी एक खर्डा फाडला होता. त्यात 'करुणासिंधो' होता. अक्षरं पाच, आधी 'हे' लावलं की बरोबर सहा, आणि यमकालाही सोयीचा. पण तो शब्द कागदावर आला की माझा आवाज बदलायचा, कीर्तनकाराचा व्हायचा. आईनं जन्मात त्या बाळकृष्णाला करुणासिंधो म्हटलं नव्हतं. आमच्याकडं वडिलांना 'अहो', आईला 'तू' आणि देवालाही 'तू'. त्या 'तू'ला 'रे' जोडला की देव एकदम घरातला होतो. त्याला जाब विचारता येतो. विठोबाला 'रे' आणि त्यालाच विठाई केलं की 'गं', इतकी ही जवळीक जुनी आहे. जनाबाईंचं विठ्ठलाशी भांडण या एकेरीवरच चालतं.

दुसरं कडवं शंकेचं होतं आणि तिथं मी अडकलो. 'देव आहे का?' असं लिहिलं की प्रश्न समोरच्या वाचकाकडं वळतो, आणि वाचक समोर आला की त्याला काहीतरी पटवून द्यायची खुमखुमी येते. माझ्या एका खर्ड्यात ती अशी उतरली:

श्रद्धा ठेवा मनी
शंका सोडा सारी
देव आहे दारी
ओळखा रे

अक्षरं मोजून पाहा, एकही चूक नाही. तरी कविता मेलेली आहे. कुठं मेली ते 'ठेवा', 'सोडा', 'ओळखा' या क्रियापदांत दिसतं: मी देवाकडं पाठ फिरवून लोकांकडं तोंड केलं आहे. नास्तिकाच्या बाजूनं लिहिलं असतं तरी हेच झालं असतं. 'दगड पुजू नका' हेही प्रवचनच. म्हणून वाक्य तेच ठेवलं, फक्त तोंड वळवलं:

तू आहेस का रे
विचारू कोणाला
बसलो पूजेला
तुझ्यापुढं

आता प्रश्न हास्यास्पद झाला आणि म्हणूनच खरा वाटला. असण्याबद्दल ज्याची शंका आहे, त्यालाच विचारतोय. संशय पूर्ण आहे, पण तो व्यक्त करायला समोर कुणीतरी लागतंय.

तुकारामांची गाथा पुन्हा चाळली तेव्हा हे तोंड वळवणं जागोजाग दिसलं. उपदेश त्यांनीही भरपूर केला आहे, आणि तिथं ते लोकांशी बोलतात. पण 1630च्या सुमाराच्या दुष्काळात बायको अन्नावाचून गेलेली पाहिलेला हा माणूस जेव्हा स्वतःचं सांगायला बसतो, तेव्हा समोर बहुधा विठोबाच असतो. त्याला ते कठोर म्हणतात, त्याची लाज काढतात, आपल्यापुरतं त्याचं मरण जाहीर करायलाही कचरत नाहीत. ते शिव्या देताहेत म्हणजे नातं मोडलं, असं मात्र कुठंच वाटत नाही.

आणि मग ते 'तुका म्हणे' येतं. लहानपणी मला ती नुसती सही वाटायची. स्वतः लिहायला बसल्यावर तिचा उपयोग कळला. हे त्रिकालाबाधित सत्य आहे असा दावा तिथं होत नाही. तुका नावाचा एक माणूस असं म्हणतोय, इतकंच. बोलण्याची जबाबदारी एका नावावर येते आणि ऐकणारा सुटा राहतो. त्याला पटेल, न पटेल. माझ्या कवितेत मी नाव घातलं नाही, तेवढं धाडस झालं नाही. पण नासलेलं दूध घातलं. ते माझ्या ओट्यावरचं आहे, दुसऱ्या कुणाला लागू करता येत नाही.

खरी कसोटी शेवटच्या चार अक्षरांत होती. सहा-सहा-सहाच्या चालीनंतर कान एकदम आखूड चरणावर येतो, आणि तिथं निकाल लागावा असं त्याला वाटतं. उपदेश घुसतो तो बहुतेक याच फटीतून. तिसऱ्या कडव्याचे तीन चरण पटकन आले. चौथ्याला चार दिवस लागले. आधी 'माफ कर' लिहिलं. ते खोटं होतं, मला माफी मागायची नव्हती. मग 'कृपा कर'. ते उसनं होतं. 'कळेना रे' बरं वाटलं, पण त्यात आपल्या गोंधळाचं थोडं कौतुक आहे. संशयी माणसालाही मिरवता येतं. शेवटी आई आठवली, चिमटा घेऊन दारात उभी. दुधाला देव जबाबदार नसतो हे तिला माहीत नव्हतं काय? चांगलं माहीत होतं. पातेलं नीट धुतलं गेलं नव्हतं किंवा दूधच आदल्या दिवशीचं होतं, हेही तीच सांगायची. तरी ती बोलायची.

आज दूध माझं
नासलंय पुन्हा
तुझा काय गुन्हा
पण तरी

इथं मी थांबलो. 'पण तरी'च्या पुढचं वाक्य मला येत नाही. तरी तुलाच बोलणार, की तरी तुला हात जोडणार, हे दोन्ही त्यात आहे आणि दोन्हींतलं काय खरं ते त्या सकाळी दूध किती होतं यावर ठरतं.

कविता मी कागदावर उतरवून देवघरातल्या कप्प्यात ठेवली, काडेपेटीखाली. त्या दिवशीचं दूध अर्धा लिटर होतं. ते टाकलं नाही. साखर घालून आटवलं, जरा खाली लागलं, आणि त्यातलं चमचाभर बाळकृष्णापुढं ठेवलं. "घे," म्हणालो. पुढचं आईचं वाक्य तोंडात आलं होतं, पण पातेलं मीच नीट घासलं नव्हतं.