सोलर की गीझर? दहा वर्षांचा हिशोब



माझी भाची कल्याणला रो हाऊसमध्ये राहते. नवरा, दोन मुले आणि ती, असे चौघांचे घर. गच्ची स्वतःची, ऊन भरपूर. दिवाळीनंतर तिचा फोन आला, "मावशी, सोलरवाला येऊन गेला. १०० लिटरची टाकी घ्या, वर्षाला १५०० युनिट वाचतील म्हणतो. घेऊ का?" मी म्हटले, आधी एक आठवडा बादल्या मोज, मग बोलू.

१५०० युनिटांचा आकडा सरकारी पत्रकांतही असतो, तो खोटा नाही. पण तो टाकीचा आकडा आहे, आपल्या घराचा नाही. टाकी रोज पूर्ण तापली आणि त्यातले सगळे गरम पाणी कुणीतरी वापरले, तरच तेवढी वीज वाचते. जे पाणी आपण गीझरवर तापवलेच नसते, त्याची बचत कशी धरणार? म्हणून हिशोब बादलीपासून सुरू करायचा.

भाचीकडे चौघांना आंघोळीला माणशी एक १८ लिटरची बादली लागते. तेलकट भांड्यांना थोडे धरून दिवसाला साधारण ८० लिटर कोमट पाणी झाले. आपल्याकडे नळाचे पाणी फार गार नसते. वर्षभराची सरासरी २५ अंश धरली आणि आंघोळीला ४० अंश पुरे म्हटले, तर पाणी १५ अंशच तापवायचे असते. एका युनिटात ८६० लिटर पाणी एका अंशाने तापते. म्हणजे ८० गुणिले १५ भागिले ८६०, उत्तर आले १.४ युनिट. गीझरच्या टाकीतून जाणारी उष्णता धरून पावणेदोन युनिट म्हणू. एप्रिल-मेमध्ये बहुतेक दिवशी गार पाण्यानेच आंघोळ होते, म्हणून वर्षाचे ३०० दिवस धरले. वर्षाला ५२५ युनिट झाले. कुठे १५०० आणि कुठे ५२५!

आता सोलर यातले किती वाचवेल? पावसाळ्यात आपल्याकडे आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. ३०० पैकी ९० दिवस गीझर लावावाच लागेल असे मी धरले. उरले २१० दिवस, म्हणजे सुमारे ३६७ युनिट. भाचीच्या महावितरणच्या बिलात वरच्या टप्प्याच्या युनिटाला सगळे आकार मिळून १२ रुपयांच्या आसपास पडतात. गीझर बंद झाला की कमी होतात ती याच टप्प्यातली युनिटे, म्हणून हाच दर लावायचा, बिलाची सरासरी नाही. वर्षाची बचत ४,४१० रुपये झाली.

गीझरची किंमत मी दोन्ही बाजूंनी काढून टाकली, कारण पावसाळ्यासाठी तो ठेवायचाच आहे. सोलरवाल्याने टाकीतच विजेची कॉइल बसवून देतो असे सांगितले होते. त्याला मी नको म्हटले. ती कॉइल १०० लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर नेते, त्याला चार युनिट लागतात. न्हाणीघरातला लहान गीझर तेच काम निम्म्याहून कमी विजेत करतो.

सोलरचा खर्च असा. टाकी, काचेच्या नळ्या आणि स्टँड २२,००० रुपये, गरम पाण्याची पाइपलाइन आणि तिच्यावरचे उष्णतारोधक आवरण ६,००० रुपये. एकूण २८,०००. फुटलेली नळी, रबरी रिंगा आणि क्षार काढणे यांसाठी वर्षाला हजार बाजूला ठेवले. म्हणजे निव्वळ बचत ३,४१०. पैसे सुटायला आठ वर्षांच्या वर लागतात आणि दहा वर्षांनी हातात फक्त सहा हजार उरतात. हेच २८,००० बँकेत ठेवले असते तर व्याज त्याहून जास्त मिळाले असते. विजेचे दर वाढत गेले तर फार तर बरोबरी होईल. चौघांच्या, माणशी एक बादलीच्या घराला सोलर पैशांसाठी घ्यावा असे हा हिशोब म्हणत नाही.

पण भाचीचे सासू-सासरे पुढच्या महिन्यात सांगलीहून कायमचे राहायला येणार होते. वडीलधाऱ्यांना उन्हाळ्यातही गरम पाणी लागते, संध्याकाळी गुडघे शेकायलाही लागते. वापर दीडपट झाला, तर तीच टाकी वर्षाला ६,६०० रुपयांच्या आसपास वाचवते आणि पाच वर्षांत पैसे सुटतात. खर्च तोच, फक्त टाकी रिकामी होऊ लागली. यावर तिने सोलर घेतला.

घेताना पाइपची लांबी मात्र मी मोजायला लावली. पाऊण इंची पाइपमध्ये मीटरला सुमारे ०.३ लिटर पाणी राहते. तिच्या घरी टाकीपासून नळापर्यंत १२ मीटर, म्हणजे साडेतीन-चार लिटर गार पाणी आधी येते. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत नव्या इमारतींना सोलर बंधनकारक केला आहे. तिथे सातव्या मजल्यावरच्या टाकीतून खालच्या घरापर्यंत ३० मीटर पाइप असेल, तर प्रत्येक वेळी नऊ लिटर आधी सोडावे लागतात. आपण पाणी गाळून, मोजून वापरणाऱ्या बायका, आपल्याला हे डोळ्यांदेखत वाहू देणे जड जाते. ते पाणी बादलीत धरून लादीला वापरावे आणि घरातल्यांनी पाठोपाठ आंघोळी उरकाव्यात, म्हणजे पाइप पुन्हा गार होत नाही.

बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी असेल तर तांब्याच्या बारीक नळ्यांच्या सपाट पॅनेलपेक्षा काचेच्या नळ्या बऱ्या. क्षार दोन्हींत बसतो, पण बारीक तांब्याची नळी लवकर तुंबते.

काचेची नळी बिघडली हे ओळखायला मिस्त्री लागत नाही. नळीच्या बंद टोकाला आतून चंदेरी आरशासारखा भाग असतो. तो पांढुरका झाला, की दोन काचांमधली निर्वात पोकळी गेली, ती नळी आता पाणी तापवत नाही. दुसरी खूण म्हणजे भर उन्हात चांगली नळी बाहेरून हाताला गरम लागत नाही. सगळ्या नळ्या ठीक असून पाणी कोमटच येत असेल, तर नळ्यांवरची धूळ पुसून पाहा. आपल्याकडे रस्त्यांची आणि बांधकामांची धूळ काही कमी नाही.

शेवटी, भाचीच्या सासूबाईंनी विचारले ते बऱ्याच जणींच्या मनात असेल. सोलरचे पाणी उकळलेले म्हणून चालते का? नाही. ते साठ अंशांच्या आसपास तापते, त्याला उकळी येत नाही. शिवाय ते टाकीत रात्रभर राहिलेले असते. प्यायचे पाणी नेहमीसारखे गाळून गॅसवरच उकळायचे. म्हणून ८० लिटरांच्या हिशोबात मी ते धरलेले नाही, तुम्हीही धरू नका.

तुमच्या घरचा हिशोब करायचा असेल तर आठवडाभर बादल्या मोजा, बिलावरचा वरच्या टप्प्याचा दर पाहा आणि पाइप मोजा. रोजचे कोमट पाणी सव्वाशे लिटरच्या आसपास किंवा वर असेल, तर सोलरचा विचार जरूर करा. ८०च्या आसपास असेल, तर आहे तो गीझर आंघोळीच्या आधी दहा-पंधरा मिनिटे लावा आणि आठवणीने बंद करा. तेवढे पुरे.