हिरव्याची सहा मिनिटं

फरसबी वाफेत गेली की आधी उजळते. भाजीच्या अंगात पेशींच्या मधल्या फटींत हवा कोंडलेली असते, तिने रंगावर पुसट धुकं धरलेलं असतं. वाफेने ती हवा बाहेर पडते आणि मिनिटाभरात शेंगांचा हिरवा रंग असा काही झळाळतो की आत्ताच पाऊस पडून गेला असावा. पण या झळाळीचं आयुष्य थोडं. सहा-सात मिनिटांच्या पुढे पेशींमधलं आम्ल पाझरून हरितद्रव्याला गाठतं, त्यातलं मॅग्नेशियम सुटतं आणि शेंगा खाकी पडू लागतात.

भाजी वाफवायला वेगळं भांडं लागत नाही. पातेल्यात दोन बोटं पाणी, वर मोदकांची चाळण, घट्ट झाकण. पाणी चाळणीला टेकलं तर खालच्या फोडी उकडून लिबलिबीत होतात, म्हणून तेवढं अंतर राखावं. भाजी ठेवायची ती पाणी खळखळल्यावरच. गार पाण्यावर ठेवली, तर कोमट वाफेत ती उगाच मऊ पडते आणि घड्याळालाही अर्थ उरत नाही.

चार भाज्या एकाच चाळणीत करायच्या तर त्यांना एकदम आत सोडू नये. गाजराच्या अर्ध्या बोटाएवढ्या जाड चकत्या पहिल्या, कारण त्यांना आठ मिनिटं लागतात. दोन मिनिटांनी फ्लॉवरचे लहान तुरे आणि फरसबीचे तुकडे. ताजे मटार अगदी शेवटी, जेमतेम तीन मिनिटं. फरसबीच्या शेंगा कोवळ्या असतील तर त्या आणखी मिनिटभर उशिरा घालाव्यात. मटार घालताना झाकण निघतंच, तेव्हा वाफेबरोबर थोडं आम्लही उडून जातं. हिरव्याला ते मानवतं. गाजराला आम्लाची भीती नाही, त्याचा केशरी रंग चिवट. चिमूटभर खायचा सोडा घातला तर फरसबी हिरवीगार राहते खरी, पण तिचा गर गळतो. दिसायला लग्नातली, चवीला आजारपणातली. मी घालत नाही.

झालं की नाही हे रंगापेक्षा सुरी नीट सांगते. टोक गाजरात शिरावं, पण मधोमध किंचित अडावं. फरसबीचा तुकडा वाकावा आणि मग कचकन तुटावा. तेवढ्यात गॅस बंद करून भाजी ताटात पसरायची, कारण चाळणीतल्या ढिगाच्या पोटात शिजणं चालूच राहतं. कोशिंबिरीसाठी हवी असेल तर फरसबी गार पाण्यातून काढून लगेच निथळावी. लिंबू मात्र पानावरच पिळावं, आधी पिळलं की हिरवा रंग पुन्हा खाकी होऊ लागतो.

बीटाला या पंगतीत घेऊ नये. त्याच्या फोडींनाही पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि तोवर शेजारच्या फ्लॉवरची होळी खेळून झालेली असते.