पंधरा अंशांचा एक तास

पृथ्वी स्वतःभोवती 24 तासांत 360 अंश फिरते. म्हणून एका तासास 15 अंश आणि एका अंशास 4 मिनिटे. हे कोष्टक आम्ही वर्गात इतकी वर्षे घोकून घेतले की, त्यात काही उणे असेल अशी शंकाही मनास शिवली नाही. आमच्या जुन्या ज्योतिर्गणितात सहा अंशांची एक घटिका, म्हणजे अडीच घटिकांचे तेच पंधरा अंश. तेव्हा नियमास पूर्वजांचेही पाठबळ होते.

आमच्या धाकट्या बंधूंच्या पश्चात त्यांच्या कन्येचे पालकत्व आमच्याकडे आले. ही मुलगी माद्रिद येथे संशोधन करीत होती. जून महिन्यात तिच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा सकाळी दहा वाजता ठरली. "काका, आत जाण्यापूर्वी अर्धा तास तुमचा फोन आला पाहिजे," असे तिने निक्षून सांगितले होते. सूनबाई म्हणाल्या, "तिथली वेळ मोबाईलवर पाहते." आम्ही हसून म्हटले, "नकाशा असता मोबाईल कशास?"

गणित सोपे होते. माद्रिदचे रेखांश 3 अंश 42 कला पश्चिम. त्यास 15 ने भागले असता पाव तासही पुरता होत नाही. प्रत्येक कालपट्टा मध्यरेखेच्या दोन्ही बाजूंस साडेसात अंश पसरतो. तेव्हा माद्रिद ग्रिनिचच्याच पट्ट्यात पडले. आपली वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे; म्हणून तेथील दहा म्हणजे येथील साडेतीन. आम्ही बरोबर तीन वाजता फोन लावला. तो बंद होता. चार वाजता तिचाच आला. "काका, परीक्षा उत्तम झाली. पण अर्धा तास मी फोन हातात धरून बसले होते हो!" ह्यावर आम्हांस शब्द सुचेना.

चूक भागाकारात नव्हती. स्पेनने 1901 साली ग्रिनिचची वेळ स्वीकारली होती; परंतु मार्च 1940 मध्ये तेथील सरकारने घड्याळे एक तास पुढे केली, ती पुन्हा मागे आणलीच नाहीत. शिवाय मार्चच्या अखेरच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारपर्यंत तेथे उन्हाळी वेळ म्हणून आणखी एक तास वाढवितात. म्हणजे जूनमध्ये माद्रिद ग्रिनिचच्या दोन तास पुढे, आणि तेथील दहा म्हणजे येथील दीड! हिवाळ्यात तेच साडेदोन झाले असते. नियमाचे साडेतीन मात्र कोणत्याही ऋतूत आले नसते.

खेदाची गोष्ट ही की, पुरावा घरातच होता. रात्री साडेनऊ वाजताही खिडकीत उजेड असतो, असे ती पूर्वीच कौतुकाने सांगत असे. आम्ही ते उत्तरेकडील लांब दिवसावर ढकलले. वस्तुतः लांब दिवस सकाळी व संध्याकाळी सारखाच वाढतो. मध्यान्ह हलवीत नाही. पुढे आम्ही तिला भिंतीच्या सावलीकडे लक्ष ठेवावयास सांगितले. सर्वांत आखूड सावली तिला सव्वादोनच्या सुमारास आढळली. रेखांशावरून ग्रिनिचच्या घड्याळात ती सव्वाबाराच्या सुमारास पडावयास हवी. उरलेले दोन तास सरकारचे. सूर्याच्या गतीतील विषमतेमुळे वर्षभरात ह्या वेळेत पाव तासापर्यंत मागेपुढे होते. तथापि एका तासाचा घोळ सावली निश्चित दाखविते.

आणि परदेशाचेच उदाहरण कशास? आपल्या मुंबईचे रेखांश सुमारे 72 अंश 49 कला पूर्व. पंधराने भागले तर 4 तास 51 मिनिटे, म्हणजे पाचवा पट्टा. घड्याळ मात्र साडेपाचांचे, कारण प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांवरून घेतलेली आहे. 1906 साली ती वेळ सुरू झाली, तरी मुंबईने आपली 39 मिनिटे मागची वेळ पुढे कित्येक वर्षे सोडली नाही. चीनमध्ये तर सर्व देशास 120 अंशांची एकच वेळ आहे. पश्चिमेकडील काशगर 76 अंशांवर. नियमाने ते पाचव्या पट्ट्यात, घड्याळाने आठव्या. चव्वेचाळीस अंशांची 176 मिनिटे होतात. म्हणून तेथे मध्यान्ह होण्यास जवळजवळ तीन वाजतात.

म्हणून आमचा नियम खोटा ठरत नाही. तो सूर्याची वेळ सांगतो, आणि तेवढे काम चोख करतो. घड्याळ कोणाचे ऐकते हे मात्र त्या त्या देशाच्या कायद्यास विचारावे लागते. पुतणीच्या नोकरीच्या मुलाखतीची वेळ पुढे आली, तेव्हा आम्ही नकाशा मिटून ठेवला आणि सूनबाईंस हाक मारली.