पंचवीस शब्दांत आई



निधनाच्या जाहिरातीत पैसे वाचवायचे म्हणून आपण आधी काय कापतो, यावर थोडे बोलू. बहुतेकदा बाईचे माहेर जाते, तिचे काम जाते आणि ‘अत्यंत दुःखद’ मात्र राहते. आमच्या मते हे उलटे आहे.

वस्तीतल्या एका आईची जाहिरात आम्ही लिहिली, तेव्हा घरच्यांचा मजकूर 54 शब्दांचा होता. दर शब्दाला 20 रुपये, वर 5 टक्के जीएसटी. म्हणजे 1,134 रुपये. हाती होते साडेपाचशे. म्हणजे 25 शब्द, करासह 525 रुपये.

आम्ही प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न विचारला: हा काढला तर कोणाला कळायचे राहील? ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की’ हे पाच शब्द लगेच गेले. ‘दिनांक’, ‘रोजी’, ‘ठीक’, ‘वाजता’ गेले, कारण ‘सकाळी 11’ एवढे पुरते. ‘वयाच्या 78 व्या वर्षी’ऐवजी नावापुढे कंसात 78. दोन मुले, तीन मुली, सुना, जावई ही यादीही गेली. ती माणसे घरातच आहेत, त्यांना बातमी द्यायची नाही.

जाहिरात घेणाऱ्याने सुचवले, ‘कालकथित’ऐवजी ‘कै.’ घाला. आम्ही नाही म्हटले. ‘कै.’ म्हणजे कैलासवासी, आणि कैलास आपण सोडला आहे. शिवाय दोन्ही एकेकच शब्द, वाचत काहीच नाही. उलट ‘कालकथित’ म्हटले की मृत्यू सांगून झाला, मग ‘यांचे दुःखद निधन झाले’ हे चार शब्द लागतच नाहीत.

शेवटी उरले ते असे:

कालकथित (संपूर्ण नाव) (78), माहेरच्या (आडनाव), (मूळ गाव), निवृत्त सफाई कामगार, 3 मार्च. पुण्यानुमोदन रविवार 9 मार्च, सकाळी 11, बुद्धविहार, (वस्ती), (शहर). मुलगा (नाव), (फोन).

संपूर्ण नावाचे तीन शब्द, कंसातल्या बाकी गोष्टींचा प्रत्येकी एक. मोजा, 25 भरतात.

माहेरचे आडनाव आणि गाव ठेवले, कारण तिला लग्नाआधीपासून ओळखणारे सासरच्या नावावरून ओळखणार नाहीत. ‘सफाई कामगार’ ठेवले, कारण सोबत झाडू मारलेल्या बाया तिला त्यावरून ओळखतील. ‘रविवार’ वरवर जादा वाटतो, पण 9 चा 6 छापला गेला तर वारावरूनच चूक पकडता येते.

मजकूर देण्यापूर्वी काउंटरवर तीन गोष्टी विचारा. किमान शब्द किती? फोन नंबर आणि तारीख किती शब्द धरता? कोणत्या दिवशी छापून येईल? पुण्यानुमोदनानंतर आलेली जाहिरात फुकट गेली. छपाईआधी फोन नंबर दुसऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या. नंबर चुकला, तर विचारायला कोणाकडे वाटच उरत नाही.

विशेषणे कापा. तिचे माहेर, तिचे काम आणि आपला शब्द कापू नका.