पहिले पत्र

थोर माणसास पत्र लिहावयाचे म्हटले की आपली लेखणी प्रथम साष्टांग दंडवत घालते. आणि मग मागते काय, तर जन्मभराचे मार्गदर्शन! माझ्या भाचीने लिहिलेला असाच एक मसुदा गेल्या वर्षी माझ्या वाचनात आला. ती स्थापत्य अभियंता, राहणार वणीची. सप्तशृंगगडाचे कडे ती लहानपणापासून पाहत आली आहे, आणि त्यांवरून दगड का सुटतात, हा विषय तिने अभ्यासास घेतला आहे. मुंबईचे एक वयोवृद्ध खडकतज्ज्ञ या विषयातले जाणते. त्यांना तिने दोन पाने लिहिली होती. पहिल्यावर त्यांची स्तुती, दुसऱ्यावर स्वतःची हकीकत, आणि शेवटी ‘आपण माझे मार्गदर्शक व्हावे’ ही विनंती.

असल्या विनंतीस ‘हो’ म्हटले तर किती तास खर्ची पडतील, ते वाचणाऱ्यास कळत नाही. ‘नाही’ म्हणणे सभ्य माणसाच्या जिवावर येते. म्हणून पत्र ‘सवडीने पाहू’ या ढिगात जाते, आणि ती सवड कधी येत नाही. आपण मात्र त्या मौनाला गर्व म्हणतो.

कोल्हापुराहून गोपाळराव जोशी यांनी 1878 साली वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्यास लिहिले, तेव्हा पत्नीचे शिक्षण आणि स्वतःस नोकरी, अशी दोन ओझी एकाच पत्रावर लादली होती. वाइल्डरने धर्मांतराची गोष्ट काढली आणि मागणे तिथेच थांबले. पत्र छापले गेले, ते 1880 साली न्यू जर्सीतील श्रीमती कार्पेंटर यांच्या नजरेस पडले आणि आनंदीबाईंना मायेचे माणूस मिळाले, हा दैवयोग. त्यावर भिस्त ठेवता येत नाही.

याच्या उलट, 4 जून 1924 रोजी ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनी आइन्स्टाइन यांना धाडलेले पत्र पाहा. सोबत एक छोटा निबंध होता. प्लांकचा नियम जुन्या विद्युत्‌शास्त्राचा आधार न घेता कसा सिद्ध होतो, ते त्यात दाखविले होते. मागणे असे: निबंध वाचावा, आणि छापण्याजोगा वाटला तर जर्मन मासिकात छापण्याची व्यवस्था करावी, भाषांतर करण्याइतके जर्मन मला येत नाही. शिवाय आइन्स्टाइन यांच्या निबंधांचे इंग्रजी भाषांतर आपण पूर्वी केले होते, याची आठवणही दिली होती. मागणे लहान नव्हते, पण निर्णय सोपा होता: प्रथम थोडी पाने वाचावयाची, बाकी सारे ‘वाटल्यास’. आइन्स्टाइन यांनी स्वतः भाषांतर करून निबंध छापविला. ‘आपल्या हाताखाली काम करू द्या’ ही विनंती बोस यांनी त्यानंतर, पॅरिसला पोहोचल्यावर केली.

भाचीने दुसरा मसुदा केला तो असा:

‘सादर नमस्कार. मी वणीची स्थापत्य अभियंता. गडाच्या एका कड्याची पावसाळ्यापूर्वी व नंतर मोजणी केली. घट्ट काळ्या खडकाखालचा तांबडा मऊ थर झिजून आत गेला आहे व वरचा खडक सुमारे 40 सेंटीमीटर पुढे आला आहे. सोबत एक छायाचित्र व एक पानाची आकृती आहे. पुढील वर्षी एकच गोष्ट मोजता येणार असेल, तर तांबड्या थराची झीज मोजावी की वरच्या खडकातील भेगांमधले अंतर? एका ओळीचे उत्तर पुरे आहे. सवड नसल्यास उत्तर न आल्याचे मी मनास लावून घेणार नाही.’

प्रश्न पुस्तकात सापडणारा असता तर जाणत्याने तेवढ्यावरूनच माणूस ओळखला असता. इथे मात्र तिने हात घालून पाहिला होता आणि अडली कुठे ते आकृतीत दिसत होते. शंभर पानांचा अहवाल जोडण्याचा मोहही तिने आवरला, हे मला विशेष वाटते.

नवव्या दिवशी ई-मेलने उत्तर आले: ‘दोन्ही नकोत. कड्यातून पाणी कुठे पाझरते ते आधी पाहा.’ भेगांतून उतरलेले पाणी तांबड्या थरावर अडते, तिथूनच बाहेर येते आणि थर मऊ करते, हे त्यांचे कारण.

आली नसती ओळ, तर तीन आठवड्यांनी एक आठवण, आणि मग दुसरा जाणता, असे आमचे ठरले होते. व्हॉट्सॲपवर तगादा लावावयाचा नाही, हेही.

माझ्या मते खरी परीक्षा दुसऱ्या पत्राची असते. सल्ला मिळाल्यावर आभार मानून गप्प बसणारेच अधिक. भाची पाऊस ओसरताच कड्याशी गेली, पाझराच्या जागा रंगाने खुणावल्या, आणि कोणत्या जागी खडक अधिक पुढे आला आहे ते अर्ध्या पानात कळविले. त्यावर त्यांचाच प्रश्न आला: ‘पाझर किती दिवस टिकतो?’ तेव्हापासून पत्रे चालू आहेत. मागच्या खेपेस भेगेच्या दोन्ही बाजूंस खुंट्या बसवून तिची रुंदी कशी मोजावी, याची आकृती त्यांनी स्वतःच्या हाताने काढून पाठविली.