अठरा दिवसांचे साठ हजार

आमचे अब्बा घरात दखनीत बोलतात, पण हिशेब मराठीतच करतात. शाळेत पाढे ज्या भाषेत शिकले तीच आकड्यांची भाषा राहिली. दरवर्षी एप्रिल उजाडला की लोखंडी कपाटातून ते सहकारी बँकेचं पासबुक काढतात, ठेवींच्या पावत्या ठेवलेली प्लॅस्टिकची पिशवी काढतात आणि वर्षभरात व्याज म्हणून आलेली रक्कम एका कागदावर उतरवतात. ते व्याज ते स्वतःवर खर्च करत नाहीत. तेवढी रक्कम पाकिटात घालून गल्लीतल्या कोणा गरजूच्या औषधपाण्याला देऊन टाकतात, आणि त्याचं पुण्य मिळावं अशी अपेक्षाही धरत नाहीत. बँकेत पैसे ठेवल्याशिवाय चालत नाही आणि व्याज खायचं नाही, या दोन्हींतून त्यांनी काढलेली ही वाट आहे. यावर वाद घालणारे नातेवाईक आम्हाला कमी नाहीत, पण तो विषय आजचा नाही.

सांगायचं ते हे की असं पाकीट भरणाऱ्याला व्याजाचा आकडा नेमका लागतो. कमी धरला तर नको असलेला पैसा घरात राहतो, जास्त धरला तर स्वतःच्या घामाचा जातो. त्यामुळे व्याज तपासायची जी चिकाटी भल्याभल्या ठेवीदारांकडे नसते, ती या माणसाकडे होती. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूनंतर त्यांची नजर अधू झाली आणि पासबुक माझ्याकडे आलं.

2025 ची गोष्ट. 31 मार्चला ईद आणि बँकेचं वर्ष एकाच दिवशी संपलं. पाहुणे गेल्यावर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी शाखेत जाऊन पासबुक भरून आणलं आणि वहीत हिशेब मांडला. बँकेचं नाव इथे देत नाही. शाखा पेठेतली, जुनी, माणसं ओळखीची.

बचत खात्यावरचं व्याज कसं धरतात ते आधी सांगतो, कारण आमच्या पिढीच्या डोक्यातही अजून जुनीच पद्धत बसलेली आहे. पूर्वी महिन्याच्या 10 तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी सगळ्यात कमी शिल्लक असेल, तिच्यावरच त्या महिन्याचं व्याज मिळायचं. म्हणून अब्बा कधीही 10 तारखेच्या आत पैसे भरायला धावायचे आणि महिनाअखेरीपर्यंत काढायचं टाळायचे. रिझर्व्ह बँकेने 1 एप्रिल 2010 पासून हे बदललं. आता रोज दिवसअखेरीला जी शिल्लक असेल तिच्यावर व्याज धरलं जातं. रोजच्या शिलकांची बेरीज करायची, तिला व्याजदराने गुणायचं आणि 36,500 ने भागायचं. बँक हे व्याज दर तिमाहीला खात्यात जमा करते. रोजची बेरीज म्हटलं की माणूस घाबरतो, पण शिल्लक बदलते तेव्हाच नवी ओळ लागते. अब्बांच्या खात्यात अख्ख्या तिमाहीत चार ओळी झाल्या.

1 जानेवारीला शिल्लक 40,875 रुपये होती. 9 तारखेपर्यंत ती तशीच राहिली, म्हणजे 9 दिवस. 10 जानेवारीला ठेवीचं 1,125 रुपये व्याज जमा होऊन 42,000 झाले, ते 27 तारखेपर्यंत, म्हणजे 18 दिवस. 28 जानेवारीला 60,000 जमा होऊन 1,02,000 झाले, ते 13 फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे 17 दिवस. 14 फेब्रुवारीला 20,000 काढले आणि उरलेले 82,000 मार्च अखेरपर्यंत 46 दिवस राहिले. 9, 18, 17 आणि 46 मिळून 90 दिवस. ही बेरीज आधी करायची. दिवसच जुळले नाहीत तर पुढचं सगळं वाया जातं, आणि पैसे काढले तो दिवस जुन्या शिलकेत मोजण्याची चूक हमखास होते. चारही ओळींचे गुणाकार मिळवले तर 66,29,875 येतात. दर 3 टक्के. उत्तर आलं 544 रुपये 92 पैसे. पासबुकात 31 मार्चला 545 रुपये जमा होते.

मी खूश झालो. अब्बांना सांगितलं, ‘‘बरोबर आहे.’’

ते म्हणाले, ‘‘पावती बघितलीस?’’

पावती बघितली नव्हती. पासबुकातल्या तारखा खऱ्या धरून मी पासबुकातलंच व्याज तपासलं होतं. बँकेच्या संगणकानेही तेच केलेलं असतं, त्यामुळे उत्तर जुळायचंच. संगणक गुणाकारात सहसा चुकत नाही. चूक होते ती त्याला दिलेल्या तारखेत, रकमेत किंवा दरात, आणि ती पासबुकात दिसत नाही. त्यासाठी पासबुकाबाहेरचा कागद लागतो.

ठेवीची पावती काढली. 60,000 रुपये, एक वर्ष, साडेसात टक्के, व्याज दर तिमाहीला बचत खात्यात, मुदत पूर्ण 10 जानेवारी 2025. वर्षाचं व्याज 4,500, म्हणजे तिमाहीला 1,125. चारही हप्ते पासबुकात वेळेवर दिसत होते, शेवटचा अगदी 10 जानेवारीलाच. मुद्दल मात्र 28 जानेवारीला आलं होतं. मुदत संपली की रक्कम बचत खात्यात वळती करावी, असं ठेव ठेवतानाच्या अर्जावर अब्बांच्या सहीने लिहिलेलं होतं. त्याची झेरॉक्स त्याच पिशवीत होती, कारण ते कागद टाकत नाहीत.

म्हणजे 18 दिवस ते 60,000 ना ठेवीत होते, ना बचत खात्यात. ते बँकेकडेच मुदत संपलेल्या ठेवींच्या खात्यात पडून होते. अशा रकमेबद्दल रिझर्व्ह बँकेचा जुलै 2021 चा नियम आहे, सहकारी बँकांनाही तो लागू आहे. मुदत संपूनही ठेवीची रक्कम दिली गेली नाही, तर त्या काळासाठी बचत खात्याचा दर किंवा त्या ठेवीचा ठरलेला दर, यांतला जो कमी असेल त्याने व्याज द्यायचं. इथे कमी दर बचतीचा, 3 टक्के. 60,000 गुणिले 18 गुणिले 3, भागिले 36,500, म्हणजे 88 रुपये 77 पैसे. धरा 89 रुपये.

एवढ्यासाठी बँकेत जायचं का, असं मला वाटलं. अब्बांना वाटलं नाही. त्यांच्या मते हे 89 रुपये त्यांचे नव्हतेच. ते पाकिटातल्या माणसाचे होते, आणि ते सोडून द्यायचा हक्क त्यांना नव्हता.

अर्ज मी दोन प्रतींत केला. एका प्रतीवर पोच घेतली, सोबत पावतीची आणि पासबुकाच्या त्या पानाची झेरॉक्स जोडली. काउंटरवरच्या बाईंनी आधी, ‘‘काका, व्याज सिस्टीमच काढते,’’ असं सांगितलं. मी म्हटलं, ‘‘ताई, व्याज बरोबरच आहे, जमा उशिरा झालीय.’’ तारखा शेजारी शेजारी दाखवल्यावर त्यांनी स्वतःच मुदतपूर्ती यादी काढली. वळती करायची सूचना संगणकात चढवलीच नव्हती, म्हणून ठेव आपोआप वळली नाही. 28 तारखेला कोणाच्या तरी लक्षात आल्यावर हाताने नोंद केली होती. चार दिवसांनी 89 रुपये जमा झाले.

पण त्या फेरीतच दुसरी गोष्ट वर आली, आणि ती मला अब्बांच्या पिशवीपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. सहकारी बँकेचं पासबुक वाचताना आपण शेअर्सकडे बघतच नाही. अब्बांनी सभासद होताना 50 रुपयांचे 20 शेअर्स घेतले होते, 1,000 रुपयांचे. पुढे 2 लाखांचं घरकर्ज घेतलं. सहकारी बँकेत तारणी कर्जाच्या अडीच टक्के रक्कम तेव्हा कर्जदाराच्या शेअर्समध्ये असावी लागायची, म्हणजे 5,000. म्हणून कर्जाची रक्कम हाती देतानाच बँकेने 4,000 कापून आणखी 80 शेअर्स दिले. कर्ज कधीच फिटलं. शेअर्स मात्र आपोआप परत येत नाहीत, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. पासबुकात हे भांडवल शिल्लक म्हणून कुठेच दिसत नाही. दिसतो तो फक्त वर्षातून एकदा येणारा लाभांश. सर्वसाधारण सभेने तो मंजूर केला की त्यानंतर जमा होतो.

तर तो लाभांश उलटा मोजायचा. बँकेच्या अहवालात त्या वर्षीचा लाभांश 8 टक्के होता. अब्बांच्या 5,000 वर 400 रुपये यायला हवे होते. आले होते 80. 80 हे 8 टक्के असतील तर शेअर्स 1,000 चे. म्हणजे लाभांश फक्त पहिल्या 20 शेअर्सवर येत होता.

उरलेले 80 गेले कुठे? कुठेही गेले नव्हते. कर्जाच्या वेळी ते दुसऱ्या सभासद क्रमांकाखाली चढले होते, आणि त्या क्रमांकाला बचत खातं जोडलेलं नव्हतं. त्यांचा लाभांश दरवर्षी न दिलेल्या लाभांशाच्या खात्यात पडत होता. पोटनियमांत ठरलेली मुदत उलटली की तो बँकेच्या राखीव निधीत जातो. अब्बांचा बराचसा तसाच गेला. अलीकडचा मिळेल, तोही अर्ज आणि मूळ शेअर सर्टिफिकेट दाखवल्यावर. सर्टिफिकेट पिशवीत होतं, कर्जाच्या कागदांत घडी घातलेलं.

त्याच दिवशी कळलं की ठेवींवर अम्मींचं नामनिर्देशन आहे, शेअर्सवर कोणाचंच नाही. ठेवींचा फॉर्म बँकिंग कायद्याखालचा आणि शेअर्सचा सहकार कायद्याखालचा, एक भरल्याने दुसरा भरला जात नाही. तो फॉर्मही तिथेच मागून घेतला.

शेअर्स आणि ठेव यांतला फरक पुण्यातल्या माणसाला खरं तर सांगावा लागू नये. रुपी बँकेवर फेब्रुवारी 2013 मध्ये निर्बंध आले आणि 2022 मध्ये परवाना गेला. अशा वेळी ठेव विमा महामंडळ प्रत्येक ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज धरून 5 लाखांपर्यंत देतं. शेअर्स ही ठेव नाही, त्यांना तो विमा नाही. शेअर्सची रक्कम परत करण्यासाठी बँकेचं भांडवल पर्याप्तता प्रमाण किमान 9 टक्के असावं लागतं, त्याच्या खाली असलेली बँक ती देऊ शकत नाही. म्हणून कर्ज फिटल्यावर जास्तीचे शेअर्स परत करायचे असतील तर बँक धडधाकट असतानाच अर्ज केलेला बरा. हा आकडा वार्षिक अहवालात छापलेला असतो. अहवाल आपण सभेच्या चहासोबत घेतो आणि रद्दीत टाकतो.

अब्बांनी 80 शेअर्स परत करायचा अर्ज दिला, 20 ठेवले. सभासदत्व सोडायचं नव्हतं, मत असतं म्हणाले. मग त्यांनी कागद मागवला. लाभांशाचे जे काही येतील ते कुठल्या रकान्यात घालायचे यावर जरा विचार केला आणि तेही व्याजाखालीच लिहायला सांगितले, कारण बँकेची कमाई शेवटी व्याजाचीच. 89 चा आकडा मी आधीच लिहिला होता. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, ‘‘त्या बाईंना थँक्यू म्हणालास ना?’’